तिकांडं

रात्री दोनला विकासनं पहारा ताब्यात घेतला. सुटलेल्या जवानानं तारेकडं बोट केलं, "सगळं ठीक हाय, वारं तेवढं वाढलंय," म्हणाला आणि वाकून बंकरात शिरला. दार उघडलं तशी बुखारीची ऊब आणि रॉकेलचा वास बाहेर आला. दार लागलं, तो वासही गेला.

पहाऱ्याला नेहमी दोघं असतात. आज जोडीदाराला संध्याकाळपासून ताप भरलेला, त्यामुळं विकास एकटाच. २१ वर्षांचा पोरगा, बेळगावच्या मराठा सेंटरमधून बाहेर पडून जेमतेम दीड वर्ष झालेलं, आणि ही १२,००० फुटांवरची त्याची पहिली थंडी. समोर बर्फ, बर्फात अर्धी बुडालेली काटेरी तार, तारेला टांगलेले रिकामे डबे. खाली नाला. नाल्यापलीकडचा डोंगर आपला नाही.

हँडसेटची बॅटरी त्यानं कोटाच्या आत, छातीशी धरली होती. बाहेर ठेवली तर गारठ्यानं तासात मान टाकते. हातमोजा काढायचा नाही, हे उस्तादांनी शंभरदा बजावलेलं. उघडं बोट थंड लोखंडाला चिकटलं की कातडं घेऊनच सुटतं.

त्यानं वर पाहिलं. तिकांडं, म्हणजे एका ओळीतल्या त्या तीन चांदण्या, पश्चिमेला कललं होतं. गावाकडं आबा घड्याळ बघतच नाहीत. तिकांडं कुठं आलंय ते बघून किती रात्र उरली ते सांगतात. फक्त इथं ते गावापेक्षा बरंच खाली, दक्षिणेच्या कड्याला टेकल्यासारखं दिसायचं. पहिल्या आठवड्यात त्याला ते ओळखूच आलं नव्हतं.

या आठवड्यात शेतीपंपाची लाईट रात्रीची. म्हणजे आबा आत्ता वेदगंगेच्या काठच्या रानात असणार. डोक्याला मफलर, खांद्यावर खोरं, गुडघाभर चिखलात उभं राहून उसाला दारं धरत असणार. एक सरी भरली की बांध फोडायचा, पुढची धरायची. बारावीत असताना विकासही जायचा. दाजीपूरच्या जंगलातनं गवे उतरायचे, आणि उसात काही खसपसलं की त्याच्या हातातली बॅटरी थरथरायची. तेव्हा आबा हळूच म्हणायचे, "सरळ बघू नगंस. जरा कडंला बघ, मग दिसतंय." पुढं सेंटरमध्ये रात्रीच्या ट्रेनिंगला उस्तादांनी हेच शिकवलं, तेव्हा विकास अंधारात एकटाच हसला होता.

डबा वाजला.

एकदाच. वाऱ्यानं डबे एकमेकांवर घासतात, ती कुरकुर त्याला पाठ होती. हा टणका वेगळा होता. विकासनं रायफल खांद्याला लावली. छाती एवढी धडधडत होती की पुढचं काही ऐकूच येईना. तारेच्या वळणाशी काहीतरी काळं होतं. मघाशी होतं का ते? टक लावून बघितलं तर ते विरघळायला लागलं, सगळाच अंधार हलल्यासारखा झाला.

कडंला बघ.

त्यानं नजर काढून चार हात डावीकडच्या दगडावर ठेवली. आता कडेला ते दिसलं. बुटकं. माणूस रांगत आला तर एवढाच दिसेल.

"थम! कौन आता है?"

आवाज चिरकला. उत्तर नाही. बोट ट्रिगरवर गेलं, मोज्यातनंही तो वाक जाणवला. डाव्या हातानं त्यानं हँडसेटचं बटण दाबलं, दबक्या आवाजात दिशा आणि अंतर सांगितलं. हवालदारसाहेब मिनिटभरात शेजारी येऊन आडवे झाले. दोघं श्वास धरून बघत राहिले. काळं जरा वर झालं, थांबलं, आणि दगडांमागं गेलं. फ्लेअर नाही, गोळी नाही. साहेबांनी पाठीवर एक थाप मारली आणि चारपर्यंत तिथंच, त्याच्या जोडीला, पडून राहिले.

उजाडल्यावर बर्फात ठसे सापडले. एकापुढं एक, दोरीत ओवल्यासारखे, तारेपर्यंत आलेले आणि तिथनंच परतलेले.

"कोल्हा," साहेब म्हणाले. त्या ठशांच्या रेघेकडं बराच वेळ बघत राहिले. "चल, चहा घे."

रविवारी फोनची पाळी आली. तीन मिनिटं. आई जेवणाचं विचारून झाली, मग आबा आले.

"तीनलाच लाईट गेली बघ. निम्मं रान कोरडं ऱ्हायलं. तुझं काय?"

"काय न्हाई. परवा रात्री कोल्हा आलता."

पलीकडं आबा जरा गप्प झाले. मागं गुऱ्हाळाच्या इंजिनाचा आवाज येत होता.

"कडंला बघितलास न्हवं?"

"व्हय आबा."