सूचना : नियतकालिकांतले जुने लेख पीडीएफमध्ये कसे डाउनलोड करायचे आणि कसे उघडायचे

अंबाजोगाई, दि. १० जुलै २०२५

सर्व सभासद, एम.ए. व पीएच.डी.चे विद्यार्थी, प्राध्यापक आणि बाहेरगावाहून येणारे अभ्यासक यांच्यासाठी

खालच्या मजल्यावरच्या लोखंडी कपाटांतले नियतकालिकांचे बांधीव खंड १ ऑगस्टपासून टेबलावर मिळणार नाहीत. पानांच्या कडा पापडासारख्या मोडू लागल्या आहेत. गेल्या महिन्यात एका खंडातून चार पाने सुटी होऊन निघाली, ती कुणी फाडली नव्हती, नुसती उलटताना हातात आली. या खंडांतले लेख आता स्कॅन झाले आहेत आणि ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक लेखाची वेगळी पीडीएफ ठेवली आहे. कॅटलॉगचा क्यूआर कोड देवघेव काउंटरच्या काचेवर आणि वाचन कक्षाच्या दाराशी लावला आहे.

गेले तीन आठवडे एकच वाक्य रोज ऐकतोय, "सर, फाईल उघडेना." खरे सांगायचे तर दहापैकी आठ वेळा फाईल चांगली असते. ती कुठे गेली हे सापडलेले नसते, नाहीतर ती पूर्ण उतरलेली नसते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी लेख शोधणे. कॅटलॉगमध्ये सभासद क्रमांक आणि पासवर्ड टाकून आत या. पासवर्ड नसेल तर काउंटरवर ओळखपत्र दाखवा, लगेच मिळतो. लेखकाचे नाव देवनागरीत टाइप करा. नाव थोडे वेगळे छापलेले असू शकते, म्हणून आडनावावरच शोधलेले बरे. वर्षाच्या रकान्यात आम्ही सगळीकडे इसवी सन दिला आहे. तुमच्या हातातल्या संदर्भात शके असेल तर त्यात ७८ मिळवा. शके १८८० म्हणजे १९५८, आणि जानेवारी ते मार्चचा अंक असेल तर १९५९. निजामी काळातल्या उर्दू अंकांवर बहुधा फसली सन असतो, त्यात ५९० मिळवा. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८, म्हणजे नेमकी मुक्तिसंग्रामाची धामधूम. त्या वर्षाचे अंक मागणारे बरेच येतात आणि "१३५७ टाकले तर काहीच येत नाही" म्हणून परत जातात, म्हणून हे आधीच सांगितले.

लेख सापडला की त्याच्या नावाखाली `Download` असे निळे बटण दिसेल. त्यावर एकदाच दाबा. संगणकावर दाबले की बहुतेक वेळा लेख ब्राउझरमध्येच नव्या टॅबमध्ये उघडतो. तो दिसतोय म्हणजे तुमच्याकडे आला असे समजू नका. टॅब बंद केला की गेला. वर उजव्या कोपऱ्यात खाली बाण असलेली खूण असते, तिच्यावर दाबा किंवा `Ctrl+S` करा, मग फाईल खऱ्या अर्थाने तुमची होते. ती नेमकी कुठे गेली हे पाहायला क्रोममध्ये `Ctrl+J` दाबा. आजपर्यंत उतरवलेल्या सगळ्या फायलींची यादी समोर येते.

अँड्रॉइड मोबाईलवर फाईल `Download` नावाच्या फोल्डरमध्ये जाते. क्रोमचे उजवीकडचे तीन ठिपके, त्यात `Downloads`, नाहीतर फोनमधले `Files` ॲप, दोन्हीकडून तिथे पोहोचता येते. आयफोनवर लेख आधी समोर उघडतो. मग शेअरची खूण दाबून `Save to Files` निवडावे लागते. हे न केल्यामुळे आयफोनवाले घरी जाऊन फोन करतात की लेख गायब झाला.

बटण दाबल्यावर लगेच काही घडले नाही तर पुन्हा पुन्हा दाबू नका. एक सेवानिवृत्त गुरुजी परवा फोन घेऊन आले, म्हणाले, "सकाळपासून दाबतोय, येतच नाही." `Download` फोल्डर उघडला तर `1958-04-p112.pdf`, `1958-04-p112 (1).pdf` असे करत `(16)` पर्यंत रांग लागलेली. एकाच लेखाच्या सतरा प्रती, आणि दिवसाचा नेट पॅक संपलेला. आम्ही दोघेही हसलो, पण गुरुजींचे काही चुकले नव्हते. फाईल आली हे फोनने वरच्या पट्टीत बारीक अक्षरात सांगितले होते आणि चष्मा खिशात होता.

फाईल खरोखरच उघडत नसेल तर आधी तिचे नाव आणि आकार बघा. नावाच्या शेवटी `.crdownload` असेल तर डाउनलोड अर्धवट राहिला आहे. वीज गेली, राउटर बंद पडला, रेंज गेली की असे होते. आपल्याकडे याला वेगळे कारण शोधायची गरज नाही. ती फाईल काढून टाका आणि परत घ्या. मोठे लेख वाचन कक्षातल्या वायफायवर घ्यावेत, सकाळी ११ च्या आत गर्दी कमी असते.

नाव `.pdf` असूनही "फाईल खराब आहे" असा निरोप येतो, त्याची गंमत जरा वेगळी आहे. आकार बघा. दहा-बारा पानांचा स्कॅन केलेला लेख काही एमबीचा असतो. तुमची फाईल १०-१५ केबीची असेल तर तो लेख नव्हेच, ते लॉगिनचे पान आहे. कॅटलॉग २० मिनिटे हाताविना पडून राहिला की आपोआप बाहेर काढतो. त्यानंतर कुणी लिंकवर बोट दाबून धरून `Download link` केले की समोर आलेले "पासवर्ड टाका" हे पानच लेखाच्या नावाने साठवले जाते. वेष्टन पीडीएफचे आणि आत वेबपेज, मग वाचक ॲप ते उघडणार कसे? परत लॉगिन करा, लेखाचे पान ताजे करा आणि बटणावर साधे एकदा दाबा. खात्री करायचीच असेल तर संगणकावर ती फाईल नोटपॅडमध्ये उघडा. खऱ्या पीडीएफची पहिली ओळ अशी सुरू होते :

```
%PDF-1.4
```

शेवटचा आकडा वेगळा असू शकतो. तिथे `<html` दिसले तर समजून जा.

उघडण्यासाठी वेगळे काही विकत घ्यायची गरज नाही. क्रोम, एज, फायरफॉक्स हे तिन्ही ब्राउझर पीडीएफ उघडतात. ॲडोबीचा रीडर हवा असेल तर तोही फुकट आहे. शोधताना "पीडीएफ उघडण्यासाठी हे ॲप घ्या" अशा जाहिराती येतात, त्यांच्या नादी लागू नका. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो : आमची प्रत्येक फाईल `.pdf` नेच संपते. लेख म्हणून, निमंत्रणपत्रिका म्हणून किंवा निकाल म्हणून कुणी `.apk` ने संपणारी फाईल व्हॉट्सॲपवर पाठवली तर तिला हातही लावू नका. ते ॲप असते, आणि तशा फायलींमधून लोकांची बँक खाती रिकामी झाली आहेत.

लेख उघडला की पहिले पान आमच्या माहितीपत्रकाचे असते : नियतकालिकाचे नाव, वर्ष, अंक, मूळ पृष्ठ क्रमांक. त्यामुळे पडद्यावर "३" दिसते तेव्हा ते मूळ अंकातले ११३ वे पान असू शकते. प्रबंधात संदर्भ देताना पानाच्या वर किंवा खाली छापलेला क्रमांक द्या, पडद्यावरचा नको. मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीच्या सगळ्या तळटीपा यामुळे पुन्हा तपासाव्या लागल्या.

उर्दू अंक उजवीकडून सुरू होतात. पीडीएफमध्ये एकावेळी एक पान पाहिले तर क्रम बरोबर लागतो, पण दोन पाने शेजारी ठेवून पाहिली की डावे-उजवे उलटे दिसते. ती स्कॅनिंगची चूक नाही. एक-पानी दृश्य ठेवा.

`Ctrl+F` ने शब्द शोधायला जाल तर काही लेखांत काहीच सापडणार नाही. जुने लेख म्हणजे पानांचे फोटो आहेत, त्यांत अक्षरे नाहीत. काही लेखांवर आम्ही फोटोतली अक्षरे ओळखणारे ओसीआर चालवले आहे, पण फिकट शाईवर मराठी जोडाक्षरे त्याला नीट वाचता येत नाहीत. म्हणून शब्द सापडला नाही याचा अर्थ तो लेखात नाही असा घेऊ नका, डोळ्यांनी वाचा. नंतरच्या वर्षांतल्या, संगणकावर जुळवलेल्या अंकांची अडचण वेगळी. ते युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये आहेत. पडद्यावर "मराठी" दिसते, कॉपी करून वर्डमध्ये टाकले की `_amR>r` असे काहीतरी उमटते. फाईल बिघडलेली नाही. उतारा लहान असेल तर हाताने टाइप करणे सगळ्यात लवकर होते, मोठा असेल तर काउंटरवर या, फाँट ओळखून बदलून देऊ.

ज्यांना लेख नको, प्रबंध हवा आहे, त्यांनी शोधगंगा हे प्रबंधांचे संकेतस्थळ पाहावे. तिथे एका प्रबंधाचे प्रकरणवार तुकडे असतात. `01_title.pdf` उघडून "प्रबंध एकच पानाचा आहे" अशी तक्रार घेऊन येऊ नका, खालची यादी पाहा.

छापून घ्यायचे असल्यास प्रिंटच्या खिडकीत `Fit` निवडा. जुन्या अंकांचा आकार ए-४ ला जुळत नाही, नाहीतर शेवटची ओळ कापली जाते. ग्रंथालयात छपाई पानाला २ रुपये.

या फायली स्वतःच्या अभ्यासासाठी आहेत. यांतल्या कित्येक लेखकांना जाऊन ६० वर्षे झालेली नाहीत, म्हणजे कायद्याने त्यांचे हक्क अजून जिवंत आहेत. एखाद्या मित्राला लेख दाखवणे वेगळे, आणि अख्खा अंक अडीचशे जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे वेगळे. तसे झाले तर ही सोय सगळ्यांसाठीच बंद करावी लागेल, आणि मग पुन्हा ते पापडासारखे खंड.

एखाद्या लेखाचे पान सुटले असेल, वाकडे किंवा अंधुक स्कॅन झाले असेल तर फाईलचे नाव आणि पान क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून काउंटरवरच्या पेटीत टाका. मूळ खंड काढून ते पान आम्ही पुन्हा स्कॅन करू. साधारण आठवडा लागतो.

मदत हवी असेल तर सोमवार ते शुक्रवार दुपारी २ ते ५, शनिवारी १ वाजेपर्यंत. येताना ज्या फोनवर किंवा लॅपटॉपवर अडचण आली तोच घेऊन या, आणि चष्माही.

ग्रंथपाल