पाटावरची गोष्ट : मोठ्या गटासाठी ‘दाखवा आणि सांगा’

या वर्षी मोठ्या गटावर येणाऱ्या दोन्ही नव्या ताईंसाठी हे सविस्तर लिहून ठेवते आहे. आपल्या कर्वेनगरच्या बालवाडीत हा तास गेली काही वर्षं चालू आहे. तो कसा चालतो ते बघून कळतं, पण तो तसाच का चालवायचा हे कुणीतरी सांगावं लागतं. घरून आणलेली एखादी वस्तू मूल हातात धरतं आणि तिच्याबद्दल चार वाक्यं बोलतं, एवढाच हा तास. त्यात ताईचं सगळ्यात मोठं काम म्हणजे गप्प राहणं. प्रश्न विचारल्यावर मनात पाच आकडे मोजा आणि मगच तोंड उघडा. पाच वर्षांच्या मुलाला शब्द शोधायला तेवढा वेळ लागतोच. आपण तिसऱ्या आकड्याला मदतीला धावलो, तर त्याचं वाक्य आपलं होऊन जातं.

वार आणि पाळ्या

मंगळवार आणि शुक्रवार, डबा खाऊन हात धुतल्यावर, सव्वाअकराला. मुलं 24 आहेत, त्यांचे चार-चारचे सहा गट : मोगरा, जाई, चाफा, झेंडू, गुलाब, जास्वंद. एका दिवशी एक गट, म्हणजे तीन आठवड्यांत सगळ्यांची एक पाळी होते. एका मुलाला चार मिनिटं धरा. वीस मिनिटांपुढे हा तास नेऊ नका, शेवटचं मूल बोलत असताना सतरंजीवर लोळण सुरू होते आणि ते त्या मुलावर अन्याय करणारं आहे. जून महिना रडण्यात आणि रुळण्यात जातो, म्हणून सुरुवात जुलैच्या पहिल्या मंगळवारी.

तासाचा क्रम

सकाळी आल्यावर ज्यांची पाळी आहे त्यांनी आपली कापडी पिशवी खालच्या फळीवर ठेवायची. पिशवी बंदच राहू द्या. दोन तास गुपित सांभाळायला मिळतं, तेव्हा सांगायची ओढ आपोआप वाढते.

सतरंजीवर अर्धगोल करून बसायचं. मधे आपला लाकडी पाट. जो पाटावर, तो बोलणार, बाकीचे ऐकणार. पाटावर उभं राहायचं की बसायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. सगळे मिळून म्हणतात :

पिशवीबाई पिशवीबाई, पोटात काय?
दाखवल्याशिवाय आम्ही उठणारच नाय!

वस्तू बाहेर आली की आधी नुसती दाखवायची, डावीकडून उजवीकडे, सावकाश. मग सांगायचं. सांगून झाल्यावर मूल म्हणतं, “माझं सांगून झालं. कोणाला काही विचारायचंय?” तिघांनी प्रश्न विचारायचे, तिघांनीच. शेवटी मूल ठरवतं : “हात लावा” की “नुसतं बघा”. “नुसतं बघा” म्हणालं तर तोच शेवटचा शब्द, ताईसाठीसुद्धा. मग टाळी आणि वस्तू परत पिशवीत.

पहिल्या दिवशी ताईनं बोलायचं

पहिल्या मंगळवारी मुलांची पाळी नसते, ताईची असते. मी माझ्या आजीचा तांब्या आणते. जवळजवळ दरवर्षी हेच बोलते :

“हा माझा तांब्या. हा माझ्या आजीचा होता. कसबा पेठेत तांबट आळी आहे ना, तिथे ठोकून ठोकून बनवलाय. बोट फिरवलं की ठोक्याच्या खुणा लागतात. यात आम्ही रात्री पाणी भरून ठेवतो. मला हा आवडतो, कारण यातलं पाणी गार लागतं. आणि इथे हा पोचा दिसला का? एकदा काय झालं, मी तुमच्याएवढी होते, आणि हा माझ्या हातातून सुटला. जिन्यावरून ठण्, ठण्, ठण् करत थेट खाली! माझं सांगून झालं. कोणाला काही विचारायचंय?”

सुरुवातीची बरीचशी वाक्यं यात येऊन जातात, आणि पोचा मुलांना वर्षभर लक्षात राहतो. तुम्हीही तुमच्या घरातली खरी वस्तू आणा. मुद्दाम विकत आणलेल्या वस्तूला पोचा नसतो.

सुरुवातीची वाक्यं

मुलांना वाचता येत नाही, तेव्हा ही वाक्यं चित्रकार्डांवर आहेत. कार्ड दाखवायचं, सुरुवात आपण म्हणायची आणि आवाज वर ठेवून थांबायचं. पुढचं मूल पुरं करतं.

बोटाचं चित्र : “हा माझा…”, “ही माझी…”, “हे माझं…”
घराचं चित्र : “आमच्या घरी हे… ठेवलेलं असतं.”
डोळ्याचं चित्र : “याचा रंग…”, “हात लावला की… लागतं.”
हाताचं चित्र : “यानं आम्ही…”
आजीच्या चष्म्याचं चित्र : “हे मला… दिलं.”
हसऱ्या चेहऱ्याचं चित्र : “मला आवडतं, कारण…”
पावलांचं चित्र : “एकदा काय झालं…”

पहिल्या फेरीत फक्त बोट आणि हसरा चेहरा. दुसऱ्या फेरीपासून घर, डोळा, हात, चष्मा यांतलं एखादं. पावलांचं कार्ड मात्र जपून वापरा, कारण सगळी जादू त्यातच आहे. ‘हे काय आहे’ असं विचारलं तर एक शब्द मिळतो. “एकदा काय झालं…” म्हटलं की मूल मागे रेलतं, डोळे वर जातात आणि गोष्ट सुरू होते. आपल्या भाषेत आज्या अशीच सुरुवात करतात, त्यामुळे मुलाच्या कानात पुढची लय आधीच असते.

हा, ही, हे यांत मुलं अडकतात, विशेषतः घरी हिंदी, कन्नड किंवा मारवाडी बोलणारी. तीन रंगांची बोटांची कार्डं त्यासाठीच आहेत : ‘हा’ निळं, ‘ही’ पिवळं, ‘हे’ हिरवं. पण चुकलं म्हणून थांबवू नका. मूल म्हणालं, “हा माझा बाहुली,” तर आपण आनंदानं म्हणायचं, “अरे वा, ही तुझी बाहुली! तिचं नाव काय?” बरोबर रूप कानावर पडलं, बोलणं तुटलं नाही. ‘परत नीट म्हण’ हे वाक्य या सतरंजीवर वर्ज्य आहे. ‘ळ’चा ‘ल’ होत असेल तर तोही होऊ द्या. मूल अडखळत असेल तर त्याचा शब्द आपण पुरा करायचा नाही, चेहरा शांत ठेवून वाट बघायची. आणि घरच्या भाषेतला शब्द आला तर तो घ्यायचा. “तुझी आजी याला काय म्हणते? आम्हालाही शिकव,” असं म्हटलं की ते मूल उंच होतं.

ऐकणाऱ्यांची वाक्यं तीनच : “तुला हे कुठे मिळालं?”, “हे कशाचं बनलंय?”, “मला तुझ्या वस्तूतलं… आवडलं.” “कितीला मिळालं?” हा प्रश्न आला तर ताईनं हसून दुसऱ्याकडे वळायचं. किंमत आली की वस्तूची गोष्ट संपते.

नाहीच बोललं तर

मागच्या वर्षी जाई गटात एक मुलगा होता. पहिल्या पाळीला पिशवी पोटाशी धरून उभा राहिला. आम्ही टाळी वाजवली, तो जागेवर गेला. दुसऱ्या पाळीला वस्तू दाखवली, बोलला नाही. मी त्याच्या शेजारी खाली बसले आणि म्हटलं, “माझ्या कानात सांग, मी मोठ्यानं सांगते.” त्यानं कानात सांगितलं, “दगड.” तिसऱ्या पाळीला, ऑगस्टअखेर, तोच दगड पुन्हा आणला. पावलांचं कार्ड दाखवलं आणि थांबले. पाच नव्हे, अकरा आकडे मोजले मी. मग तो म्हणाला, “एकदा काय झालं… भिडे पुलावर पाणी आलं. सगळा पूल बुडाला. बाबानं गाडी मागे घेतली. मग पाणी गेलं. मग मला हा दगड मिळाला. हा पाण्यात होता.” खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बुडतो हे सगळ्या पुण्याला माहीत आहे, पण बुडालेल्या पुलाजवळचा दगड वर्गात कुणी पहिल्यांदाच आणला होता. त्या दिवशी तिघांऐवजी सात प्रश्न झाले. मी होऊ दिले.

ताईची नोंद

हा तक्ता आपल्यासाठी आहे, गुणांसाठी नाही आणि भिंतीवर लावायचा नाही. 2022 च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही या वयाच्या मुलांची परीक्षा न घेता निरीक्षणावरच भर दिला आहे. मूल बोलत असताना लिहू नका, तास संपल्यावर लिहा. तीनच खुणा : पूर्ण सूर्य म्हणजे आपण होऊन, अर्धा सूर्य म्हणजे मदतीनं, ढग म्हणजे अजून नाही.

1. पाटावर आलं, वस्तू सगळ्यांना दाखवली.
2. मागच्या ओळीला ऐकू गेलं.
3. ऐकणाऱ्यांकडे बघून बोललं.
4. वस्तूचं नाव आणि निदान एक गोष्ट सांगितली.
5. पूर्ण वाक्यात बोललं.
6. ‘कारण’ वापरून सांगितलं.
7. घडलेला प्रसंग क्रमानं सांगितला.
8. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं.
9. दुसऱ्याचं ऐकलं, आपली पाळी येईपर्यंत थांबलं.

दगडवाल्या मुलाची तिसऱ्या पाळीची नोंद अशी होती : 1 सूर्य, 2 अर्धा, 3 ढग (दगडाकडेच बघत होता), 4 सूर्य, 5 सूर्य, 6 ढग, 7 अर्धा (कार्ड दाखवावं लागलं), 8 सूर्य, 9 सूर्य. खाली एक ओळ : ‘मग’ हा शब्द आपण होऊन दोनदा वापरला. ही खालची ओळ प्रत्येक मुलासाठी लिहाच, मुलाच्याच शब्दांत. पालकसभेत मी फक्त तीच वाचून दाखवते.

मुलांसाठी वेगळी, चित्रांची पट्टी आहे : कान, डोळे, मोठं तोंड, थांबलेला हात. बोलून झालं की मूल स्वतः त्यातल्या एका चित्रावर टिकली लावतं, जे आज छान जमलं त्यावर.

डिसेंबरात आपण बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जातो. तिथले दिवे, अडकित्ते, भांडी म्हणजे घराघरांतल्याच वस्तू. कार्डं बरोबर घ्या. एका दिव्यापुढे बसून “यानं आम्ही…” याऐवजी “यानं ते लोक…” म्हणून बघा.

घरी पाठवायची चिठ्ठी

नमस्कार पालकहो,

येत्या शुक्रवारी जाई गटाची ‘दाखवा आणि सांगा’ची पाळी आहे. मुलाला घरातली एक वस्तू स्वतः निवडू द्या. ती कापडी पिशवीत मावावी, फुटली-हरवली तर वाईट वाटू नये. जुनी पळी, आजोबांची टोपी, पीएमपीचं तिकीट, गावाकडची बी, काहीही चालेल. सोन्याचं, धारदार, मोबाइल आणि जिवंत प्राणी नकोत. नवीन काही विकत आणू नका.

आदल्या रात्री मुलाला एवढंच विचारा : “ही वस्तू तुला का न्यायची आहे?” घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना त्या वस्तूची गोष्ट सांगायला सांगा. भाषण लिहून देऊ नका, पाठ करून घेऊ नका. घरी जी भाषा बोलता तिच्यातच बोला. संध्याकाळी “कसं बोललास, कशी बोललीस?” याऐवजी “कोणी काय विचारलं?” असं विचारा.

मोठ्या गटाची ताई