शनिवारी सायंकाळी मुलांना सांभाळण्याविषयी विनंती

आदरणीय काका व काकू यांना सादर नमस्कार.

येत्या शनिवारी, 12 डिसेंबर रोजी, नणंदेच्या विवाहाची बोलणी व याद्या करण्यासाठी आम्हां दोघांना आणि सासू-सासऱ्यांना जळगावहून भुसावळला जावे लागणार आहे. घरातील सर्वच मोठी माणसे जाणार असल्याने त्या सायंकाळी ईशान आणि रेवा यांना आपल्याकडे ठेवता येईल का, अशी विनंती करण्यासाठी हे लिहीत आहे. समोर विचारले तर आपल्याला नाही म्हणणे जड जाईल, म्हणून मुद्दाम लिहून विचारते.

मुलांना मी सायंकाळी साडेपाच वाजता आपल्या घरी आणून सोडीन आणि पावणेसहाला आम्ही निघू. बैठक साडेसहाला आहे. त्यानंतर जेवणाचा आग्रह होणारच, हे धरूनही आम्ही रात्री दहापर्यंत परत येऊन मुलांना घेऊन जाऊ. उशीर होणार असे दिसले, तर साडेनऊच्या आत फोन करीन. मात्र काकांची झोपेची वेळ मला ठाऊक आहे, त्यामुळे बोलणी लांबली तरी आम्हां दोघांपैकी एक जण दहापर्यंत निश्चित परतेल.

दोघांचे जेवण, म्हणजे वरण-भात, पोळी आणि बटाट्याची भाजी, मी डब्यात देईन. ते साडेसातला वाढावे. रेवाला शेंगदाणे अजिबात चालत नाहीत, ही गोष्ट मी विशेष काळजीने सांगत आहे, कारण आपल्याकडे भरीत, खिचडी, चटणी अशा कितीतरी पदार्थांत दाण्याचा कूट असतो किंवा दाणे असतात आणि काकू प्रेमाने पुढे करतील तो लाडू ती लगेच खाईल. कृपया तिला डब्याबाहेरचे काहीही देऊ नये. चुकून खाल्ले गेले आणि अंगावर गांधी उठल्या किंवा ओठ सुजले, तर डॉक्टरांनी दिलेले औषध, मात्रेची खूण केलेल्या चमच्यासह, तिच्या पिशवीत असेल. ते देऊन लगेच मला फोन करावा. श्वासाला त्रास झाल्यास मात्र आमची वाट न पाहता आधी 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

ईशानला गृहपाठ आहे, तो स्वतः करील. रेवाला नऊ वाजता झोप येते. तिची गोधडी सोबत देते.

आपल्याला जमेल की नाही, ते गुरुवारी रात्रीपर्यंत कळवावे. त्या दिवशी आपले दुसरे काही ठरलेले असेल किंवा काकूंचे गुडघे दुखत असतील, तर संकोच न करता सांगावे. मी शुक्रवारी चोपड्याहून माझ्या आईला बोलावून घेईन. ईशान मात्र काकांसोबत बुद्धिबळाचा डाव मांडायला आतापासूनच उत्सुक आहे.

आपली,
मनीषा