हरिपूरच्या पेवाबद्दल, पुन्हा थोडेसे

मिरज
गुरुवार, ९ एप्रिल

आदरणीय अण्णा,
सादर नमस्कार.

मागच्या गुरुवारी, २ तारखेला, मी तुम्हाला एक पत्र पाठवले होते. दादांच्या फोनवर, हाताने लिहिलेल्या तीन पानांचे फोटो काढून. परवा मीच ते माझ्या फोनवर उघडून बघितले. दुसऱ्या पानावर माझ्याच अंगठ्याची सावली आणि तिसरे पान उलटे! तेव्हा ते वाचता आले नसेल, तर त्यात नवल नाही. म्हणून या वेळी कागदावर आणि मोठ्या टायपात.

वाचून झाले असेल आणि उत्तर द्यायला सवड मिळाली नसेल, तरीही काही बिघडलेले नाही. हे दिवसच तसे आहेत. यार्डात रोजचे सौदे, गाड्या उतरवायच्या, त्यात कुणाच्या घरी लग्न, कुठल्या गावची जत्रा. हळदीच्या हंगामात आडत दुकानात शाळेचे पत्र नेऊन ठेवायचे आणि उत्तराची वाट बघायची, हा मुहूर्त मीच चुकीचा धरला. आमच्या परीक्षा तोंडावर आल्या म्हणून मला तेव्हा घाई सुटली होती. आता तीही नाही, ते पुढे सांगते.

मूळ विनंती एवढीच आहे: पेढीच्या मागे जी पेवे आता बंद आहेत, त्यांतल्या एकाचे तोंड आम्हा दोघांना अर्धा तास बघू द्यावे. आणि तुम्हाला बरे वाटेल त्या दिवशी पेव कसे भरायचे आणि कसे उघडायचे, हे पंधरा-वीस मिनिटे आम्हाला सांगावे. बाकीचे सवडीने वाचलेत तरी चालेल.

हे कुठून निघाले, ते मागच्या पत्रात फार पाल्हाळाने लिहिले होते. आठवीच्या वर्गात वाक्प्रचार शिकवत होते. ‘पेव फुटणे’ आला. अर्थ सगळ्यांना पाठ, वाक्यही तयार: ‘गावात मोबाईलच्या दुकानांचे पेव फुटले.’ मी विचारले, पेव म्हणजे काय? चाळीस मुलांत एकही हात वर नाही. एकाने ‘पाइप’ म्हणून सांगितले, कारण फुटतो तो पाइप. मला हसू आले आणि मग जरा वाईटही वाटले. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे यांना सामान्यज्ञानासाठी पाठ आहे. आयर्विन पुलाला पाणी चाळीस फूट म्हणजे इशारा आणि पंचेचाळीस म्हणजे धोका, हे तर झोपेतून उठवून विचारले तरी सांगतील. २०१९ आणि २०२१ दोन्ही पूर त्यांनी बघितलेत. आणि ज्या पेवांवर हरिपूरचे नाव झाले, ती त्यांच्या शाळेपासून दहा-बारा किलोमीटरवर आहेत, तरी पत्ता नाही. खरे सांगायचे तर मीही पेवाचे तोंड रस्त्यावरून जाताना लांबूनच पाहिले आहे. शिकवणारीची ही गत, मग मुलांना काय बोलायचे!

आमच्या शाळेचे शिपाई मामा तुमच्याच गावचे. त्यांनी तुमचे नाव सांगितले. हे पत्र तेच पेढीवर ठेवतील. उत्तरासाठी थांबू नका, विचारू नका, चहाला सुद्धा बसू नका, असे मी त्यांना बजावले आहे. (चहाचे ते ऐकतील असे नाही.) मध्यंतरी त्यांनाच ‘जरा अण्णांना आठवण करा’ म्हणून धाडावे असे मनात आले होते, पण तो विचार सोडून दिला. दारात माणूस उभा राहिला की ‘नाही’ म्हणणे जड जाते, आणि तुम्हाला ‘नाही’ म्हणायचे असेल तर ते सहज म्हणता यावे.

एक गोष्ट मात्र मला स्वतःहून दुरुस्त करायची आहे. मागच्या पत्रात मी २००५ च्या पुराबद्दल चार प्रश्न लिहिले होते. किती पेवांत पाणी शिरले, माल कुणाचा होता, किती हळद गेली. पत्र पाठवून झाल्यावर ते पुन्हा वाचले तेव्हा जाणवले, की हे तलाठ्याने पंचनाम्यात विचारावे तसे झाले आहे. ज्यांची पेवे हळदीसकट गेली त्यांना एका अनोळखी बाईने असे आकडे मागणे बरे नव्हे. ते चारही प्रश्न मी मागे घेते. बोलता बोलता तुम्हाला वाटले आणि सांगितलेत तर ऐकू. आम्ही विचारणार नाही. जुन्या वह्या बघायला मागितल्या होत्या, तेही राहू द्या. व्यापाऱ्याच्या खतावणीत शाळेचे काय काम, असे माझे वडीलही म्हणाले, आणि ते बरोबरच आहे.

मधल्या आठवड्यात इकडे थोडे काम झाले, ते कळवते. मुलांना सांगितले, तुम्हाला पेव कसे असेल वाटते ते काढून आणा. काय एकेक चित्रे! एकाने विहिरीसारख्या पायऱ्या काढल्यात. एकाने हवेसाठी खिडकी ठेवली आहे, जमिनीखाली. एकीने मात्र अरुंद तोंडाचा मोठा रांजण काढला आणि त्यात हळकुंडे. तिची आजी हरिपूरची निघाली. मग मी त्यांना मला ठाऊक होते तेवढे सांगितले: वरून माणूस जेमतेम शिरेल एवढे तोंड, आत पोटात ऐसपैस, खोली वीस-पंचवीस फूट, आणि तोंड बंद केले की आत हवा खेळत नाही म्हणून कीड लागत नाही. त्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, आणि तो मला फार आवडला: ‘बाई, हरिपूर तर संगमावर आहे. एका बाजूला कृष्णा, एका बाजूला वारणा. तिथे वीस फूट खणल्यावर पाणी कसे लागत नाही?’

मी म्हटले, माती तशी घट्ट आहे म्हणतात. पण ‘म्हणतात’वर आठवीतली मुले समाधान मानत नाहीत. ती माती कुठवर असते, नवे पेव खणताना जागा कशी निवडायची, आतून काय लिंपायचे, तळाला काय अंथरायचे, हे ज्याने केले आहे त्यानेच सांगावे. दुसरा प्रश्न त्याच रांजणवालीचा: ‘भरलेले पेव रिकामे करताना पहिला माणूस आत उतरतो कसा, आणि वर येतो कसा?’ तोंड उघडल्यावर आतली कोंडलेली हवा जाऊ द्यावी लागते, लगेच उतरले तर जिवावर बेतते, एवढे मी सांगितले. पुढचे मला येत नाही. हे दोनच प्रश्न आता आमच्या यादीत उरले आहेत. मागच्या पत्रात सतरा होते.

त्या हवेचे मनात आहे म्हणून आणखी एक शब्द देते. आमच्यापैकी कुणीही पेवात उतरणार नाही, डोकावणारसुद्धा नाही. मी आणि आमचे चित्रकलेचे सर, दोघेच येऊ. मुले आणणार नाही. गवंड्याचा ओळंबा दोरीला बांधून वरून सोडू, खोली मोजू, तोंडाचा व्यास टेपने घेऊ, आणि झाकण होते तसे ठेवू. फोटो काढायचा की नाही, हे तुम्ही म्हणाल तसे. त्या मापांवरून सर एक उभा छेद काढतील आणि पुठ्ठ्याचे, अर्धे कापलेले पेव तयार करतील. ते वर्गात राहील. तुमचे किंवा पेढीचे नाव त्यावर घालायचे की नाही, हेही तुमच्याच हाती. काही लिहिले, तर ते आधी तुमच्या नजरेखालून जाईल.

दिवसाचे म्हणाल तर आमचे काहीच अडलेले नाही. मागच्या पत्रात ‘परीक्षेआधी’ असे लिहिले होते, ते खोडा. मुले कुठे जात नाहीत, आठवीची नववी होतील एवढेच, आणि नववीलाही मराठी मीच शिकवते. हंगाम आटोपल्यावर मे महिन्यात कधीही, किंवा पाऊस संपल्यावर दिवाळीच्या सुट्टीत, जे सोयीचे पडेल ते. पावसाळ्यात पेव उघडायला सांगण्याइतकी मी अडाणी नाही. तुमच्या पेवाऐवजी गावात दुसऱ्या कुणाचे बघणे सोपे असेल, तर तेवढे नाव सुचवलेत तरी आमचे काम होईल; तुमचे नाव पुढे करून आम्ही तिथे जाणार नाही.

आणि मुळातच हे नको वाटत असेल, तर ‘बाई, जमायचे नाही’ एवढा निरोप पुरे. कारण सांगायला हवे असे मुळीच नाही. कळवण्यासाठी माझा नंबर दादांच्या फोनमध्ये आहे, नाहीतर मामा रोज संध्याकाळी तुमच्या गल्लीवरूनच घरी जातात, त्यांच्या कानावर घातले तरी पोचेल. काहीच कळवायचे नसेल, तर तेही चालेल. या पत्रामागून तिसरे पत्र येणार नाही, एवढे मी आताच सांगून ठेवते. नंतर कधी, वर्षाने जरी तुम्हाला वाटले, तरी तो ओळंबा शाळेच्या कपाटातच आहे.

उन्हे फार तापली आहेत. यार्डात दुपारचे उभे राहणे होत असेल, तर तब्येतीस जपावे. काकूंना नमस्कार.

आपली,
वर्षा
(मराठीच्या बाई, आठवी ब)

ता. क. सोबत त्या रांजणवाल्या मुलीचे चित्र जोडले आहे. तोंडाशी एक माणूस बसवलाय, हातात कंदील आहे. तो का, विचारल्यावर म्हणाली, आजी म्हणते आधी कंदील सोडायचा, तो विझला तर माणसाने उतरायचे नाही. हे बरोबर असेल, तर तिला तसे सांगेन. वर्गात बाकीची मुले तिला हसत होती.