आठवड्याचे नियोजन : 22 ते 27 सप्टेंबर 2025
(वर्गशिक्षिका 10 ब, विज्ञान 9 अ, 9 ब, 10 ब, सकाळ सत्र, पंचवटी)

घटक चाचणीचे पेपर: 10 ब 46, 9 अ 52, 9 ब 49. एका पेपरला पाच मिनिटं धरली तरी बारा तासांचं काम. आठवड्यात मोकळे तास सहा, त्यातले दोन बदली तासाला जाणार हे धरूनच चालायचं. म्हणून शाळेत फक्त छोटे प्रश्न, मोठी उत्तरं घरी. एकेक पेपर संपवायचा नाही. प्रश्न 3 सगळ्यांचा एकदम, मग प्रश्न 4. असं केलं की गुण देताना हात सैल-घट्ट होत नाही आणि वर्ग नेमका कुठे अडला तेही कळतं.

आधी 10 ब. शुक्रवारी-शनिवारी पालक भेटायला येणार, त्यांच्यासमोर तपासलेला पेपर हवा, नुसते गुण नकोत.

सोमवार (घटस्थापना): तिसरा, सहावा तास मोकळा. 10 ब प्र. 1, 2. घरी दोन तास प्र. 3.

मंगळवार: पाचवा तास प्रयोगशाळेत. 9 वीच्या ‘आम्ल, आम्लारी व क्षार’साठी लिटमस, फिनॉल्फ्थॅलिन, लिंबू, चुन्याची निवळी मांडून ठेवणे. रात्री 10 ब पूर्ण.

बुधवार: 10 ब चा पहिला तास पेपरवाटप. अपवर्तनाच्या आकृतीत कोन स्तंभिकेशी मोजायचा, पृष्ठभागाशी नाही. हे फळ्यावर पुन्हा काढून दाखवायचं, मगच ‘भिंगे’. घाई करायची नाही, कारण इथे कच्चं राहिलं तर पुढे 1/f = 1/v − 1/u मध्ये चिन्हं चुकतातच.
चौथ्या, सातव्या मोकळ्या तासाला 9 अ चे पेपर.
रात्री 8 नंतर मखमलाबादकडच्या पालकांना फोन. बागांची छाटणी सुरू आहे. पेस्ट लावायला मजूर आले की घरातलं कुणी हलू शकत नाही. त्यांना शाळेत बोलावण्याचा आग्रह नको. मुलगा-मुलगी बागेच्या कामामुळे गैरहजर राहते का, ते मात्र विचारायचं.

गुरुवार: सलग आठ तास, मोकळा एकही नाही. तपासणी नाही. संध्याकाळी फक्त ‘भिंगे’चं टाचण, तेही किरणाकृतींसकट.

शुक्रवार: दुसरा तास मोकळा, 9 अ चे पेपर. दुपारी 4 ते 5 सातपूर-अंबडला पहिल्या पाळीत असणारे पालक. ते 3 ला सुटतात. प्रत्येकी दहा मिनिटं. दोघांच्या बाबतीत घरच्यांशी एकांतात बोलायचं आहे, त्यांना शेवटी बसवावं. रात्री 9 अ पूर्ण.

शनिवार: 10:15 ला शाळा सुटते, 10:30 पासून बाकीचे पालक. कालिका यात्रेमुळे मुंबई नाक्याकडून येणाऱ्यांना उशीर होईल. त्यांना 11:30 नंतरची वेळ. पेपर आधी मुलाच्या हातात, मग आई-वडिलांच्या. त्यानेच सांगावं कुठे अडलं.

9 ब रविवारी सकाळी. गुणतक्ता परीक्षाप्रमुखांकडे सोमवारी 29 ला, पहिल्या तासाआधी.