दादाचा आठवड्याचा मेनू: भात-पोळी कमी, जेवण घरचंच

वहिनी, फ्रिजवर लावायला लिहून देतेय. ताट तेच ठेवलंय. डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी. फक्त मधली पोळी आणि भाताची मूद हलवली आहे. दुपारी एक छोटी भाकरी किंवा एक फुलका, रात्री दोन्ही नाही. ज्वारी-बाजरीच्या 100 ग्रॅम पिठातही कर्बोदकं 65-70 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे गव्हाच्या जवळपासच असतात. त्यामुळे "भाकरी चालते" म्हणून तीन वाढू नकोस.

त्याची साखरेची गोळी चालू आहे, म्हणून सुरू करण्याआधी डॉक्टरांना फोन करच. जेवणातली कर्बोदकं कमी झाली आणि गोळी तेवढीच राहिली, तर साखर एकदम खाली येऊ शकते. घाम फुटला, हात थरथरले, तर लगेच साखरपाणी दे. मेनूचं नंतर बघू.

सोमवार
सकाळी: दोन अंड्यांची भुर्जी, कांदा-टोमॅटो भरपूर, पाव नाही.
दुपारी: मेथीची परतून भाजी, मुगाच्या डाळीची आमटी एक वाटी, काकडीची कोशिंबीर, एक भाकरी.
रात्री: भरली वांगी आणि फ्लॉवरचा भात.

फ्लॉवरचा भात असा कर: फ्लॉवर जाड किसणीवर किस, पंच्यात घालून घट्ट पिळ. कढईत तेल, जिरं, हिंग, कढीपत्ता, मग किस टाकून मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं परत. झाकण अजिबात ठेवू नकोस, नाहीतर वाफेने लगदा होतो. मीठ शेवटी. भाताची चव येत नाही, पण वांग्याचा रस त्यात छान मुरतो, आणि दादाला कालवून खायची सवय आहे ती भागते.

मंगळवार
सकाळी: मुगाची दोन छोटी धिरडी, ओल्या खोबऱ्याची चटणी. रात्री भिजवलेले पाव वाटी हिरवे मूग, आलं, मिरची, कोथिंबीर वाटून त्यात किसलेला दुधी घाल. यात कर्बोदकं एखाद्या पोळीइतकी असतातच, पण प्रथिनं आणि तंतू पोळीपेक्षा जास्त मिळतात, पोट दुपारपर्यंत धरतं.
दुपारी: पालकाची ताकातली भाजी, दोडक्याच्या शिरांची चटणी, एक फुलका. ताकाला लावायचं बेसन एकच चमचा.
रात्री: पनीर घालून ढोबळी मिरची, वर दाण्याचं कूट.

बुधवार
सकाळी कालचीच धिरडी. दुपारी मटकीची उसळ, पाऊण वाटीच, सोबत कोबीची पचडी आणि ताक. उसळ असेल तेव्हा भाकरी नाही, कडधान्यातली कर्बोदकंही मोजायची.
रात्री बांगडा. हळद, तिखट, मीठ, आगळ लावून तव्यावर कमी तेलात. रवा किंवा तांदळाचं पीठ लावू नकोस, तवा नीट तापला असेल तर तसाही चिकटत नाही. सोलकढी, बिनसाखरेची.

गुरुवार
दुपारी झुणका. "पोळी नाही तर कशाशी खाऊ?" हा दादाचा प्रश्न याच दिवशी येणार. कोबीची मोठी पानं मिठाच्या पाण्यात मिनिटभर उकळून घे, त्यात झुणका भरून वर लसणीची चटणी. बेसन माणशी तीन चमचेच घे, कांद्याची पात दुप्पट.
रात्री: शेवग्याच्या शेंगांची पातळ आमटी, दोन उकडलेली अंडी, गाजर-मुळ्याची कोशिंबीर.

शुक्रवार
सकाळी अंड्याची पोळी. दुपारी भेंडी, वरण एक वाटी, एक भाकरी. रात्री चिकनचा रस्सा, वाटणात खोबरं आणि तीळ, बटाटा नाही. सोबत परत फ्लॉवरचा भात.

शनिवार, त्याचा उपवास
साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, आणि भगरही धान्यासारखीच. या दिवशीच साखर सगळ्यात चढते, म्हणून जपून. लाल भोपळ्याचं दह्यातलं भरीत, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, तुपावर परतलेलं पनीर. बटाट्याची भाजी हवीच म्हणाला तर दोन घास. फळांत पेरू, केळं नाही.

रविवार
तुम्ही सगळे पोहे खाल, त्याला कोथिंबिरीच्या उकडलेल्या वड्या, बेसन कमी. दुपारी मुलांसाठी भात लावशीलच. त्यालाही पाव वाटी वाढ, शेवटी, भाजी-आमटी खाऊन झाल्यावर. आठवडाभर इतकं सांभाळल्यावर तेवढा भात त्याला मिळायलाच हवा. रात्री हलकं: दुधीचं सार, दही.

मधल्या भुकेला मूठभर भाजलेले शेंगदाणे, ताक किंवा ओल्या नारळाचे तुकडे. चहा दोन वेळा, बिनसाखरेचा. खारी, टोस्ट आणि "डायबेटिक" लिहिलेली बिस्किटं घरात आणूच नका. त्यातही मैदा असतोच.

फ्लॉवर दोन आण, कोबी एक मोठा, अंडी दीड डझन. पालक-मेथी मंगळवारच्या आत संपव. जवसाची चटणी मी आईबरोबर पाठवते.