छोटू, बीजगणितासाठी ऑल द बेस्ट!

छोटू, उठलास का रे? इकडे पुण्यात मला पहाटेपासून झोपच नाही, म्हटलं तुला मेसेज टाकूनच ठेवावा. आंघोळ झाली की निवांत वाच, पुस्तक नको उघडूस आता.

आज बीजगणित. मराठी-इंग्लिशच्या पेपरला तू एवढा गप्प नव्हतास, काल फोनवर नुसतं हो-हो करत होतास त्यावरूनच कळलं मला. पण दिवाळीत मी आले होते तेव्हाचं आठव, वर्गसमीकरणाची शाब्दिक उदाहरणं दिसली की वही बाजूला सारायचास, आणि परवा व्हिडिओ कॉलवर तसंच एक गणित तूच मला समजावलंस, x कशाला मानायचं ते मी विचारायच्या आधी तुझं समीकरण मांडून तयार. हे तुझं तू कमावलंयस राजा, रोज संध्याकाळी बसून, मित्र खाली खेळत असताना. मला फार अभिमान वाटतो तुझा, समोर असताना बोलायचं राहून जातं म्हणून आज लिहिते.

फक्त एक ऐक. अडलास तरी गणित कोरं सोडू नकोस. सूत्र लिही, किमती टाक, जिथपर्यंत जमतंय तिथपर्यंत पायऱ्या लिही, पायऱ्यांना मार्क असतात. तुला श्रेढी आणि संभाव्यता छान येतात तर ती आधी कर, हात मोकळा होतो, मात्र प्रश्न क्रमांक नीट घाल. 40 मार्कांना दोन तास पुरतात, आणि शेवटची वाढीव 10 मिनिटं नुसती चिन्हं तपासायला ठेव, तुझं वजा पुढच्या ओळीत गेलं की अधिक होतं, माहितीये ना.

हॉल तिकीट, कंपास, दोन-तीन पेनं, पाण्याची बाटली, सगळं रात्रीच भरलं असशील तरी एकदा बघ. पप्पांना म्हण साडेनऊलाच गाडी काढा, होळकर पूल ते रविवार कारंजा सकाळी किती गर्दी असते, साडेदहाच्या आत वर्गात बसलेला बरा. आईच्या हातचं दही-साखर खा, आजीच्या पाया पड. ती काल संध्याकाळी नवश्या गणपतीला जाऊन आलीये तुझ्यासाठी, गुडघे दुखत असताना, तेव्हा तिला जरा मिठी मारून निघ.

पेपर सुटला की गेटवर उत्तरं जुळवत उभा राहू नकोस, घरी ये, जेव, झोप काढ, भूमितीचं संध्याकाळी बघू. मी दोनच्या सुमारास फोन करते, पेपर कसा गेला ते तुला सांगावंसं वाटलं तर सांग, नाहीतर आपण नुसत्या गप्पा मारू.

चल, आवर आता. खूप खूप शुभेच्छा आणि खूप सारं प्रेम.

तुझी ताई